सातारा किती वेळा लिहायचा?

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची यादी जिल्हावार मांडली की तक्ता बहुधा एकाच वळणाचा होतो. डावीकडे जिल्हा, मग मतदारसंघाचा क्रमांक, त्याचे नाव आणि शेवटी तो कोणत्या लोकसभा मतदारसंघात मोडतो ते. सातारा जिल्ह्यात २५५ ते २६२ असे आठ मतदारसंघ आहेत. तक्ता करणारा 'सातारा' हे नाव आठदा लिहीत बसत नाही. एक उंच सेल करतो, त्यात नाव एकदाच टाकतो आणि ते आठही ओळींना पुरवतो. सांगलीचेही तसेच, २८१ ते २८८ असे आठ. वाचणाऱ्याला हे सोयीचे असते, कारण एका नजरेत कळते की इथून इथपर्यंत सातारा.

हाच तक्ता सीएसव्हीत उतरवायचा म्हटला की गाडी अडते. एचटीएमएलमध्ये सेल उभा ताणायला `rowspan` आणि आडवा ताणायला `colspan` १९९०च्या दशकापासून आहेत. सीएसव्हीत ताणलेला सेल ही कल्पनाच नाही. तिथे ओळ म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरांची रांग, बस्स. २००५ च्या आरएफसी ४१८० या टिपणात सीएसव्हीची जी मोजकी शिस्त लिहिली आहे, तिच्यात एक अपेक्षा अशी की फाइलभर प्रत्येक ओळीत तितकेच मजकूर असावेत. तेव्हा साताऱ्याच्या उरलेल्या सात ओळींत पहिल्या जागी काहीतरी ठेवावेच लागते. जागा कोरी सोडायची की नाव पुन्हा लिहायचे, एवढाच निर्णय दिसतो. पण कोणते मूल्य पुन्हा लिहायचे आणि ते किती ओळींपर्यंत, हे कशावरून ठरवायचे, यात बरेच लोक घसरतात.

कोरे सोडले तर काय होते ते आधी सांगून टाकतो. हस्तलिखित नोंदवहीत नावाखाली वरीलप्रमाणेच्या खुणा ओढलेल्या असतात. त्या वहीचे एकच पान फाडून कुणाच्या हातात दिले तर खुणांना अर्थ उरत नाही. कोऱ्या जागांचे तसेच आहे. फाइल नावाच्या क्रमाने लावली, 'सातारा' म्हणून चाळणी लावली, अर्धी कापून दुसऱ्याला दिली की 'पाटण' कुठल्या जिल्ह्यात हे फाइलला सांगता येत नाही. म्हणून पुन्हा लिहायचे, हे ठरले. आता कसे ते पाहू.

सातारा जिल्ह्याचा भाग एचटीएमएलमध्ये असा येतो. पहिल्या पाच ओळी पुरे आहेत. २६०, २६१ आणि २६२ या ओळींत फक्त क्रमांक आणि नाव असते.

```html
<tr><td rowspan="8">सातारा</td><td>255</td><td>फलटण</td><td>माढा</td></tr>
<tr><td>256</td><td>वाई</td><td rowspan="2">सातारा</td></tr>
<tr><td>257</td><td>कोरेगाव</td></tr>
<tr><td>258</td><td>माण</td><td>माढा</td></tr>
<tr><td>259</td><td>कराड उत्तर</td><td rowspan="4">सातारा</td></tr>
```

लोकसभेचा कॉलम असा तुटक का, तर २००८ च्या पुनर्रचनेमुळे. तेव्हा कराड हा लोकसभा मतदारसंघ संपला, माढा नवा झाला आणि सातारा जिल्ह्यातले फलटण व माण हे दोन विधानसभा मतदारसंघ माढ्याकडे गेले. क्रमांकाच्या ओळीत माण बरोबर मध्ये येतो. त्यामुळे लोकसभेचा 'सातारा' सलग राहत नाही. वाई-कोरेगावसाठी दोन ओळींचा एक सेल आणि कराड उत्तरपासून साताऱ्यापर्यंत चार ओळींचा दुसरा. सांगलीत हातकणंगले हेच करते. इस्लामपूर आणि शिराळा त्या मतदारसंघात असल्याने सांगलीचे दोन आणि चार असे तुकडे पडतात.

आता यावर सगळ्यात भाबडी पद्धत चालवून बघा. प्रत्येक `tr` घ्यायचा, त्यातले `td` ओळीने काढायचे, मध्ये स्वल्पविराम टाकायचे. पायथन शिकताना प्रत्येक जण पहिल्यांदा हेच लिहितो. फलटणची ओळ बरोबर येते, कारण तिच्यात चारही सेल आहेत. वाईच्या ओळीत तीनच आहेत, म्हणून सगळे एक घर डावीकडे सरकते. जिल्ह्याच्या जागी २५६ येतो, क्रमांकाच्या जागी वाई आणि मतदारसंघाच्या नावाच्या जागी 'सातारा'. कोरेगावची ओळ दोनच सेलची. माणच्या ओळीत नावाच्या जागी 'माढा' येतो आणि कराड उत्तरच्या ओळीत पुन्हा 'सातारा'.

यातली मेख अशी की या चुका दिसायला चुका वाटत नाहीत. 'सातारा' नावाचा विधानसभा मतदारसंघ खरोखरच आहे, २६२ क्रमांकाचा. 'माढा' नावाचाही आहे, सोलापूर जिल्ह्यात, २४५ क्रमांकाचा. नावांचा कॉलम एखाद्या प्रमाण यादीशी ताडून पाहिला तरी ही नावे बिनबोभाट पास होतील. खऱ्या साताऱ्याचे नाव मात्र दुसऱ्याच कॉलममध्ये गेलेले असेल. जिल्हा, लोकसभा आणि विधानसभा या तिन्ही पातळ्यांवर तेच नाव असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. म्हणून मजकूर ओळखीचा वाटतो यावर विसंबून तक्ता बरोबर आहे असे समजू नये. ओळींची लांबी मोजावी. इथे ती ४, ३, २, ३, ३, २, २, २ अशी येते. सीएसव्हीत अशी लांबी दिसली की पुढे काही करण्याआधी थांबायचे.

दुसरी पद्धत कार्यालयांतली लाडकी. तक्ता माउसने निवडायचा, एक्सेलमध्ये चिकटवायचा आणि सीएसव्ही म्हणून जतन करायचा. इथे ओळी सरकत नाहीत, कारण एक्सेल जोडलेले सेल जोडलेलेच ठेवते. पण सीएसव्ही करताना मूल्य फक्त जोडसेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उरते, बाकीच्या जागा कोऱ्या पडतात. मग लोक आधी जोड सोडवतात, कोरे सेल एकदम निवडतात आणि प्रत्येकात 'वरच्या सेलमध्ये असेल ते' असे सूत्र भरतात. पँडासमध्ये हेच काम `ffill` करते. आपल्या चार कॉलमांवर हे छान चालते, आणि छान चालते म्हणूनच सवय लागते.

आता तक्त्यात पाचवा कॉलम घाला, आरक्षणाचा. सातारा जिल्ह्यातल्या आठांपैकी एकटा फलटण अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सांगलीतल्या आठांपैकी एकटा मिरज. बाकी चौदा ठिकाणी हा सेल मुळातच कोरा असतो, कारण खुल्या मतदारसंघापुढे काही लिहायची रीत नाही. फलटण हा साताऱ्याच्या यादीत पहिला आणि मिरज सांगलीच्या यादीत पहिला. कोऱ्या जागा वरून भरत गेलात की 'अ.जा.' फलटणपासून थेट २६२ पर्यंत घसरते, आणि मिरजेपासून जतपर्यंत. दोन जिल्ह्यांतले सोळाच्या सोळा मतदारसंघ राखीव झाले! फाइलमध्ये एकही कोरी जागा नाही, ओळींची लांबी एकसारखी, सगळे नीटनेटके, आणि माहिती साफ खोटी.

चूक भरण्याच्या क्रियेत नाही, तिच्या आधाराच्या निवडीत आहे. सीएसव्हीत किंवा सोडवलेल्या शीटमध्ये दोन तऱ्हेच्या कोऱ्या जागा शेजारी शेजारी असतात. एक, जिथे वरचा सेल ताणून आला होता. दुसरी, जिथे खरोखर काही नव्हते. पान एचटीएमएलमध्ये असेपर्यंत हा फरक लिहिलेला असतो. पहिल्या ठिकाणी `td` नसतोच, दुसऱ्या ठिकाणी रिकामा `td` असतो. एकदा पान एक्सेलमध्ये जाऊन जोड सुटले की तो फरक पुसला जातो आणि नंतर कितीही हुशार सूत्र लावले तरी परत मिळत नाही. माझे मत सरळ आहे. मूल्य पुन्हा लिहायचे ते `rowspan` आणि `colspan` यांचे आकडे वाचूनच लिहावे, कोऱ्या जागा बघून कधीच लिहू नये. मूळ पान हाताशी नसेल तेव्हा वरून भरणे हा नाइलाज आहे, आणि तोही एकेका कॉलमची खात्री करूनच.

आकडे वाचून भरण्याची रीत ब्राउझरकडे आधीपासून आहे, नाहीतर पडद्यावर तक्ता उमटलाच नसता. एचटीएमएलच्या प्रमाणात ती पायरीपायरीने लिहिली आहे. गाभा एवढाच की प्रत्येक ओळ सुरू करताना वरून कोणत्या कॉलममध्ये काय लोंबते आहे आणि अजून किती ओळी लोंबणार आहे, याची बाकी सोबत ठेवायची. डावीकडून जागा भरत जायचे. त्या जागी बाकी असेल तर तेच मूल्य लिहायचे आणि बाकी एकने कमी करायची. नसेल तर ओळीतला पुढचा सेल उचलायचा, तो जितका आडवा असेल तितक्या जागा भरायच्या, आणि तो उंच असेल तर त्या कॉलमांची बाकी मांडून ठेवायची. पायथनमध्ये हे असे होते. `rows` मधला प्रत्येक सेल मजकूर, उभा ताण आणि आडवा ताण अशा तिघांचा आहे.

```python
def sarani(rows):
    baki, out = {}, []
    for cells in rows:
        line, cells = [], list(cells)
        while cells or any(k >= len(line) for k in baki):
            c = len(line)
            if c in baki:
                text, n = baki.pop(c)
                line.append(text)
                if n > 1:
                    baki[c] = (text, n - 1)
            elif cells:
                text, rs, cs = cells.pop(0)
                for i in range(cs):
                    line.append(text)
                    if rs > 1:
                        baki[c + i] = (text, rs - 1)
            else:
                line.append("")
        out.append(line)
    return out
```

कोरेगावच्या ओळीवर बोट ठेवून चला. तिथे पोचेपर्यंत जिल्ह्याच्या कॉलममध्ये 'सातारा'ची सहा ओळींची बाकी आहे आणि लोकसभेच्या कॉलममध्ये, वाईच्या ओळीतून आलेली, एका ओळीची. पहिली जागा बाकीतून भरते, पाच उरतात. दुसऱ्या जागी बाकी नाही, म्हणून २५७ उचलला. तिसऱ्या जागी कोरेगाव. आता ओळीतले सेल संपले, पण चौथ्या कॉलममध्ये बाकी आहे, म्हणून फेरा थांबत नाही. तिथे 'सातारा' लिहिले जाते आणि ती बाकी शून्यावर येऊन पुसली जाते. पुढच्या ओळीत माण स्वतःचा 'माढा' घेऊन येतो आणि त्याला जागा मोकळी मिळते. `while`च्या अटीतला `any(...)` हा भाग काढून टाकला तर कोरेगावची ओळ तीन मजकुरांवरच तुटेल. सेल संपले म्हणजे ओळ संपली, असे गृहीत धरण्याची चूक घरगुती प्रोग्रॅममध्ये सर्रास सापडते.

आठ ओळी, चार कॉलम, म्हणजे बत्तीस जागा. एचटीएमएलमध्ये प्रत्यक्ष सेल एकवीसच आहेत. प्रत्येक सेलची उंची गुणिले रुंदी काढून बेरीज घेतली तर जिल्ह्याचे आठ, क्रमांकांचे आठ, नावांचे आठ आणि लोकसभेचे एक, दोन, एक, चार मिळून आठ, बरोबर बत्तीस. ही बेरीज दोन ओळींच्या प्रोग्रॅमने निघते आणि ओळींच्या लांबीपेक्षा कितीतरी कडक तपासणी करते.

ती का लागते, तर मूळ पानेच चुकलेली असतात. हाताने सांभाळलेल्या तक्त्यांत कुणी ओळ वाढवतो, कुणी काढतो, आणि `rowspan`चा आकडा तसाच राहतो. समजा, सातारा जिल्ह्याच्या सेलवर आठऐवजी नऊ लिहिले आहे. क्रमांकाने पुढे येतो तो रत्नागिरी जिल्ह्यातला २६३ दापोली. त्याच्या ओळीत पहिली जागा 'सातारा' बळकावतो, रत्नागिरीचा सेल दुसऱ्या कॉलममध्ये ढकलला जातो आणि ओळ पाच मजकुरांची होते. त्याच्या पुढच्या ओळीत पहिल्या जागेची बाकी संपलेली असते, तिथे गुहागरचा २६४ जाऊन बसतो. ही चूक लांबीवरून लगेच पकडता येते.

उलट, आठऐवजी सात लिहिले असेल तर? मग शेवटची, २६२ ची ओळ बिघडते. पहिल्या जागी २६२, दुसऱ्या जागी सातारा, तिसरी कोरी आणि चौथ्या जागी लोकसभेचा लोंबता सातारा. ओळीत मजकूर चारच, म्हणून लांबीच्या तपासणीत ती निर्धास्त पास होते. क्षेत्रफळाची बेरीज मात्र एकतीस येते आणि चोर सापडतो.

एक खोडी आणखी चकवा देणारी आहे. पुष्कळ पानांत प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र `tbody` असतो. प्रमाणानुसार उभा ताण आपल्या गटाच्या बाहेर जात नाही. ब्राउझर तो गटाच्या शेवटच्या ओळीवर कापतो. म्हणजे नऊ लिहिलेले असले तरी पडद्यावर तक्ता सुतासारखा सरळ दिसतो, आणि वरच्या प्रोग्रॅममधून मात्र नववी ओळ पुढच्या जिल्ह्यात गळते. डोळ्यांनी पडताळणाऱ्याला दोष कुठे आहे हे शोधताना घाम फुटतो. उपाय सोपा, `sarani` हे फंक्शन संपूर्ण तक्त्यावर न चालवता एकेका `tbody`वर चालवायचे आणि निकाल जोडायचे. `rowspan="0"` याचाही अर्थ प्रमाणात 'गटाच्या अखेरपर्यंत' असा आहे. शून्य आला तर फंक्शनला देण्याआधी त्या जागी उरलेल्या ओळींचा आकडा ठेवावा, नाहीतर तो सेल एकाच ओळीचा समजला जाईल.

आडव्या ताणाचा प्रश्न बहुतेक वेळा शीर्षकात येतो. वर 'विधानसभा' हा दोन कॉलमांचा सेल, त्याखाली 'क्रमांक' आणि 'नाव', आणि दोन्ही बाजूंना 'जिल्हा' व 'लोकसभा' हे दोन ओळी उंच सेल. तीच रीत लावली की शीर्षकाच्या दोन ओळी मिळतात.

```text
जिल्हा,विधानसभा,विधानसभा,लोकसभा
जिल्हा,क्रमांक,नाव,लोकसभा
```

सीएसव्हीला शीर्षकाची एकच ओळ हवी. म्हणून वरखालचे मजकूर जोडायचे, आणि दोन्ही सारखे असतील तर एकदाच घ्यायचे. 'जिल्हा', 'विधानसभा_क्रमांक', 'विधानसभा_नाव', 'लोकसभा'. पुन्हा लिहिलेले मूल्य इथे केवळ मधल्या पायरीपुरते असते.

मधूनच येणारी पूर्ण रुंदीची ओळ हे वेगळे प्रकरण आहे. बाजारभावाच्या तक्त्यांत हे नेहमीचे. एक ओळ सगळ्या कॉलमांवर ताणलेली, तिच्यात फक्त तारीख, आणि खाली त्या दिवसाचे भाव: जात, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. सांगलीच्या राजापुरी हळदीचे भाव उतरवताना ती तारीख नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलममध्ये पुन्हा लिहिली तर जातीच्या कॉलममध्ये तारीख, आवकेच्या कॉलममध्येही तारीख अशी एक भुताटकीची ओळ तयार होते. अशी ओळ ओळखायची खूण म्हणजे एकच सेल आणि त्याचा ताण तक्त्याच्या रुंदीइतका. ती सापडली की आडवी पसरू द्यायची नाही. तारखेचा नवा कॉलम करायचा आणि पुढची तशी ओळ येईपर्यंत प्रत्येक भावापुढे ती तारीख खाली उतरवायची. पुन्हा लिहिणे इथेही आहेच, फक्त दिशा बदलली.

इथवर जे पुन्हा लिहिले ती सगळी नावे होती, तारखा होत्या. आकडा आला की गणित फिरते. समजा, आपल्या तक्त्यात जिल्ह्याशेजारी २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या आहे आणि तोही आठ ओळींचा उंच सेल आहे. साताऱ्याची ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३. दोन्हींची खरी बेरीज ५८,२५,८८४. सेल आठ-आठ वेळा लिहून कॉलमची बेरीज घेतलीत तर ४,६६,०७,०७२ येते, म्हणजे दोन जिल्ह्यांत साडेचार कोटींहून अधिक माणसे. ही चूक निदान हास्यास्पद आहे, त्यामुळे कुणाच्या तरी लक्षात येते. सरासरी मात्र लबाड निघते. सोळा ओळींची सरासरी २९,१२,९४२, आणि दोन जिल्ह्यांची खरी सरासरीही २९,१२,९४२, कारण दोघांचेही मतदारसंघ योगायोगाने आठच आहेत. तपासणारा सरासरी बघून निश्चिंत होतो. त्यात दहा मतदारसंघांचा कोल्हापूर घातला, ज्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आहे, की खरी सरासरी ३२,३३,९६२ आणि सव्वीस ओळींची ३२,८३,३४९. फरक सुमारे एकोणपन्नास हजारांचा, कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत इतका.

तेव्हा ताणलेल्या सेलमधला आकडा कोणाचा, हे विचारल्याशिवाय तो पुन्हा लिहू नये. ३०,०३,७४१ ही पाटणची लोकसंख्या नाही, कोरेगावची नाही. ती जिल्ह्याची आहे. काही जण आकडा पहिल्या ओळीत ठेवून बाकीच्या सात कोऱ्या सोडतात. बेरीज बरोबर येते, पण ती ओळ चाळणीत गळाली की जिल्हाच गळतो. मला दोन फाइली हाच मार्ग पटतो. एकीत सोळा मतदारसंघ, प्रत्येकापुढे जिल्ह्याचे नाव पुन्हा लिहिलेले. दुसरीत दोनच ओळी, जिल्हा आणि त्याची लोकसंख्या. गरज पडेल तेव्हा जिल्ह्याच्या नावावरून जोडून घ्यायच्या. 'एकाच फाइलमध्ये द्या' असा आग्रह असेल तर निदान कॉलमचे नाव 'जिल्ह्याची_लोकसंख्या' ठेवावे, नुसते 'लोकसंख्या' नको.

हे सगळे हाताने लिहावे लागते का? बहुतेक वेळा नाही. पँडासचे `read_html` २०१९ च्या ०.२४ आवृत्तीपासून दोन्ही ताण वाचते आणि मूल्य पुन्हा लिहिते. त्याआधीच्या आवृत्तीवर लिहिलेले जुने सल्ले अजून फिरतात आणि त्यात वरून भरण्याची पायरी असते. ती आज गरजेची नाही आणि आरक्षणाच्या कॉलमने दाखवले तशी घातकही आहे. आर वापरणाऱ्यांसाठी आरव्हेस्टच्या `html_table`ची १.० आवृत्तीत ब्राउझरच्या रीतीवर नव्याने बांधणी झाली, तेही हे काम करते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना प्रत्येक सेलचे `rowSpan` आणि `colSpan` आयते मिळतात. मात्र `cellIndex`वर कॉलम ठरवू नये. तो त्या ओळीतल्या सेलचा नुसता अनुक्रम आहे, ताण त्यात धरलेले नसतात. वाईच्या ओळीत २५६ चा `cellIndex` शून्य येईल, म्हणजे भाबड्या पद्धतीचीच चूक वेगळ्या कपड्यात.

साध्या, नीट पानासाठी एवढे पुरते:

```python
import pandas as pd
t = pd.read_html("matdarsangh.html", encoding="utf-8")[0]
t.to_csv("matdarsangh.csv", index=False, encoding="utf-8-sig")
```

शेवटचा `utf-8-sig` एक्सेलसाठी आहे. नुसते `utf-8` दिले तर दोनदा टिचकी मारून उघडलेल्या फाइलमध्ये देवनागरीच्या जागी कचरा दिसण्याची शक्यता मोठी. लोकसंख्येतले स्वल्पविराम ही दुसरी ठेच. '30,03,741' अवतरणाविना सीएसव्हीत गेले की तीन मजकूर होतात आणि इतक्या कष्टाने सरळ केलेली ओळ पुन्हा सरकते. म्हणून आधी ते स्वल्पविराम काढून टाकावेत. देवनागरी अंकांचेही तसेच. पायथनचा `int("२६२")` ते खळखळ न करता वाचतो, पण प्रत्येक प्रोग्रॅम इतका समजूतदार नसतो, तेव्हा फाइलमध्ये 262 असेच असू द्यावे.

फाइल तयार झाली की मी एक शेवटची पडताळणी करतो, आणि तिच्यासाठी प्रोग्रॅमपेक्षा महाराष्ट्राचा नकाशा ठाऊक असणे उपयोगी. राज्यात २८८ विधानसभा मतदारसंघ आणि ४८ लोकसभा मतदारसंघ आहेत, आणि प्रत्येक लोकसभा मतदारसंघात बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ मोडतात. तयार सीएसव्हीत लोकसभेच्या कॉलमवर मोजणी लावायची.

```python
print(t["लोकसभा"].value_counts())
```

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरत्या फाइलमध्ये उत्तर सातारा ६, सांगली ६, माढा २, हातकणंगले २ असे यायला हवे. माढा आणि हातकणंगले यांचे उरलेले चार-चार सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. पूर्ण राज्याच्या फाइलमध्ये अठ्ठेचाळीस नावे आणि प्रत्येकापुढे ६. कुठे ५ आणि शेजारी ७ दिसले, तर त्या दोन नावांच्या सीमेवरचा `rowspan` उघडून बघायचा.